स्लॅब ओलांडला, पण कर एवढा का उडाला?

वाघोलीत राहून खराडीत नोकरी करणाऱ्या एखाद्याचा वार्षिक पगार १६,७०,००० वरून १६,८०,००० झाला, असं धरू. नवी करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६. पगार दहा हजारांनी वाढला आणि कंपनीच्या एक्सेल शीटने वर्षाचा कर २१,७५० रुपयांनी वाढवला. लोक म्हणतात, "स्लॅब बदलला ना, मग वाढणारच!" याच समजुतीच्या आडोशाने शीटमधली चूक लपून राहते.

गैरसमज १ : वरच्या स्लॅबमध्ये गेलं की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागतो.

वस्तुस्थिती : वरचा दर फक्त सीमेच्या वरच्या रकमेला लागतो. ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली की वरच्या उदाहरणात करपात्र उत्पन्न १५,९५,००० वरून १६,०५,००० होतं. त्यातल्या पहिल्या पाच हजारांवर १५ टक्के आणि पुढच्या पाच हजारांवर २० टक्के, म्हणजे कर वाढायला हवा फक्त १,७५० रुपये (उपकर सोडून). या समजुतीला व्यवसाय करानेही खतपाणी मिळतं. महाराष्ट्रात महिलेचा मासिक पगार २५,००० असेल तर व्यवसाय कर शून्य. एक रुपया वाढला की थेट २०० रुपये. तिथे तक्त्यातला आकडा जसाच्या तसा उचलायचा असतो. प्राप्तिकर तसा चालत नाही.

गैरसमज २ : प्रत्येक टप्प्यापर्यंतचा कर तक्त्यात आधीच मांडला, की चूक होत नाही.

वस्तुस्थिती : चूक बहुधा त्या तक्त्यातच असते. सूत्र साधारण असं असतं :

```
=VLOOKUP(A2,$F$2:$H$8,2,TRUE)
 +(A2-VLOOKUP(A2,$F$2:$H$8,1,TRUE))
 *VLOOKUP(A2,$F$2:$H$8,3,TRUE)
```

पहिल्या स्तंभात टप्प्याची सुरुवात, दुसऱ्यात तोवर साचलेला कर, तिसऱ्यात दर. १६ लाखांच्या ओळीत साचलेला कर १,२०,००० हवा, कारण १६ लाखांपर्यंतचा कर तेवढाच होतो. पण भरणारा त्या ओळीत टप्प्याच्या शेवटचा, म्हणजे २० लाखांपर्यंतचा २,००,००० कर लिहितो. मग १६,०५,००० वर १,२१,००० ऐवजी २,०१,००० येतात. शीट त्या टप्प्याचा पूर्ण कर आधीच धरते आणि वरच्या पाच हजारांवर पुन्हा आकारते. १२ लाखांची ओळही तशीच सरकलेली असल्याने १५,९५,००० वर १,१९,२५० ऐवजी १,७९,२५० दिसतात. कर २१,७५० ने उडाला तो असा.

गैरसमज ३ : सीमेवर उत्तर बरोबर आलं, म्हणजे शीट बरोबर.

वस्तुस्थिती : दुसऱ्या प्रकारची चूक सीमेवर दिसतच नाही. पहिल्या स्तंभात टप्प्याची वरची मर्यादा लिहिली, तर १६ लाखांच्या ओळीत दर १५ टक्के राहतो, कारण तो १२ ते १६ लाखांचा दर आहे. VLOOKUP दिलेल्या रकमेइतकी किंवा तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी ओळ शोधतं, म्हणून १६ लाखांच्या वरच्या रकमेलाही हीच ओळ सापडते. बरोबर १६ लाखांवर उत्तर अचूक. १६,०५,००० वर फक्त २५० रुपये कमी. पण १९,९०,००० वर १,९८,००० ऐवजी १,७८,५००. म्हणून तपासताना सीमेच्या दहा रुपये खाली, दहा रुपये वर आणि टप्प्याच्या मध्यावर, अशा तिन्ही रकमा घालून पाहाव्यात.

पडताळणीचा आकडा कागदावरही निघतो. या प्रणालीत ४, ८, १२, १६, २० आणि २४ लाखांना दर दरवेळी पाच टक्क्यांनीच चढतो. म्हणून उत्पन्न प्रत्येक सीमेच्या किती वर आहे ते काढून बेरीज करा आणि तिचे पाच टक्के घ्या. १६,०५,००० साठी १२,०५,००० + ८,०५,००० + ४,०५,००० + ५,००० = २४,२०,०००; पाच टक्के म्हणजे १,२१,०००. साचलेल्या कराचा तक्ता यात लागतच नाही, त्यामुळे त्यातली चूक इथे शिरत नाही.

गैरसमज ४ : १२ लाखांवर कर एकदम वाढला, म्हणजे तिथेही तक्ताच चुकला.

वस्तुस्थिती : १२ लाखांपर्यंत ६०,००० चा कर कलम ८७अ च्या सवलतीने शून्य होतो. ही सवलत स्लॅबच्या गणितानंतर लागते, म्हणून ती तक्त्यात मिसळू नये. त्यापुढे सीमांत सवलत आहे : १२,१०,००० वर स्लॅबने ६१,५०० येतात, पण कर १२ लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणून १०,०००, उपकरासह १०,४००. ही सवलत साधारण १२,७०,५८८ पर्यंत उपयोगी पडते. शीट १२,१०,००० वर ६१,५०० दाखवत असेल, तर तक्ता बरोबर आहे. ही सवलत तेवढी जोडायची राहिली आहे.

जादा कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. पण वर्ष सरण्याआधी चूक सापडली, तर कंपनी उरलेल्या महिन्यांच्या कपातीतच ती जुळवून घेऊ शकते.