ऑनग्रिड सोलरला नंतर बॅटरी जोडताना…

छतावर 5 किलोवॅटचं ऑनग्रिड सोलर आहे, पण लाईट गेली की तेही बंद पडतं. आता बॅटरी हवी आहे. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

डीसी कपलिंग: जुना इन्व्हर्टर काढून हायब्रिड बसवायचा. पॅनलची वीज डीसी रूपातच बॅटरीत जाते, त्यामुळे रूपांतरातली घट कमी होते. मात्र चालू इन्व्हर्टर बाद होतो.

एसी कपलिंग: जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर जोडायचा. लाईट गेली की तो घराची वीज उभी करतो आणि सोलर पुन्हा चालू होतं. त्यासाठी सोलरची जोडणी त्याच्या बॅकअप बाजूला हवी.

एसी कपलिंगची खरी अडचण लाईट नसताना बॅटरी भरल्यावर येते. जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाऊ शकत नाही, म्हणून बॅटरी इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या वर नेतो. नवे सोलर इन्व्हर्टर ते ओळखून उत्पादन हळूहळू घटवतात. बरेच जुने सरळ ट्रिप होतात. स्क्रीनवर सारखी ओव्हर फ्रिक्वेन्सीची एरर दिसली, तर कारण हेच.

घरातला वापर अचानक घटला तर सोलरची सगळी वीज क्षणभर बॅटरी इन्व्हर्टरवरच येते, म्हणून 5 किलोवॅट सोलरला 3 किलोवॅटचा बॅटरी इन्व्हर्टर घेऊ नका. निदान 5 चा घ्या. जुन्या इन्व्हर्टरची बरीच वर्षं उरली असतील तर एसी, तो बदलायलाच आला असेल तर डीसी.