शिफ्टच्या घड्याळावर ठरणारी बॅटरी
गोदामातली यंत्रे : फोर्कलिफ्टची बॅटरी

मागच्या भागात आपण फोर्कलिफ्टची डेटा प्लेट कशी वाचायची ते पाहिले. तिच्यावर एक ओळ असते, बॅटरीच्या किमान वजनाची. आज तिथूनच सुरुवात करू, कारण लेड-अ‍ॅसिड काढून लिथियम बसवायचे म्हटले की पहिला धोका त्या ओळीपाशी उभा राहतो. 48 व्होल्ट, 600 अ‍ॅम्पिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण टनभर वजनाची असते आणि काउंटरबॅलन्स ट्रकमध्ये ते वजन मागचा तोल सांभाळते. तेवढ्याच ताकदीची लिथियम बॅटरी बरीच हलकी असते. खोक्यात लोखंडी प्लेट भरून वजन पूर्ण केले नाही, तर पूर्ण भार उचलताना मागची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग ढिले लागते. बॅटरीच्या कोटेशनमध्ये एकूण वजन लिहिलेले नसेल, तर ते आधी लिहून घ्यावे.

आता मूळ प्रश्न. मुळशी तालुक्यात चांदे, नांदे, घोटवडे, पिरंगुट या पट्ट्यात शेड आणि छोटे कारखाने वाढले आहेत आणि प्रत्येक स्टोअरमध्ये हाच विषय निघतो की लिथियम घ्यावी का. उत्तर बॅटरीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ते आपल्या शिफ्टच्या वेळापत्रकात असते. चांदे गावातल्या एखाद्या शेडमध्ये तीन इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट आहेत असे धरून हिशेब करून पाहू. यातले दर नमुन्याचे आहेत. आपापल्या कोटेशनचे आणि वीजबिलाचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा दिवस तीन भागांचा असतो: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणे. 48 व्होल्ट 600 अ‍ॅम्पिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे 29 युनिट मावतात. त्यातले 80 टक्के, म्हणजे 23 युनिट वापरावेत. त्याहून खाली नेली तर प्लेटा लवकर खराब होतात. चार्जिंग मध्येच तोडणे हेही नुकसानीचे. शेवटच्या टप्प्यात बॅटरीतून बुडबुडे निघतात, तेव्हाच आतले अ‍ॅसिड ढवळले जाते. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास चार्जरला लावून काढली, तर जड अ‍ॅसिड तळाशी बसते आणि प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो. हायड्रोमीटर हे लगेच दाखवतो: पूर्ण चार्ज होऊनही एखाद्या सेलची ग्रॅव्हिटी 1.280 च्या आसपास न येता बरेच खाली राहते. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा लांबवलेला इक्वलायझिंग चार्ज. पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, ती यासाठी सोयीची.

हेच बुडबुडे चार्जिंग रूमचा धोका ठरतात. त्यात हायड्रोजन असतो आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. किती वायू निघतो हे मोजता येते. एका सेलमधून एक अ‍ॅम्पिअर तासभर जादा गेला की सुमारे 0.42 लिटर हायड्रोजन निघतो. आपल्या बॅटरीत 24 सेल आहेत आणि शेवटच्या टप्प्यात चार्जर सुमारे 30 अ‍ॅम्पिअर देतो. म्हणजे एका बॅटरीतून तासाला 300 लिटर. शिफ्ट बदलताना तीन बॅटऱ्या एकदम चार्जरला लागतात, म्हणून त्यांचा शेवटचा टप्पाही एकदमच येतो, आणि मग तासाला 900 लिटर होतात. खोली 4 मीटर बाय 5 मीटर, उंची 3 मीटर आणि सगळी बंद असेल, तर 4 टक्क्यांची पातळी 2 तास 40 मिनिटांत गाठली जाते. हा वायू छताखाली साठतो, त्यामुळे तिथे ती वेळ आणखी लवकर येते.

यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे सूत्र सोपे आहे. 0.05 गुणिले सेलची संख्या गुणिले शेवटच्या टप्प्यातला करंट, म्हणजे दर तासाला किती घनमीटर हवा बदलायला हवी ते मिळते. एका बॅटरीला 36 आणि तिन्हींना 108 घनमीटर. एवढी हवा बदलत राहिली की हायड्रोजन 1 टक्क्याच्याही खाली राहतो. नैसर्गिक वाऱ्यावर अवलंबून राहायचे असेल, तर या आकड्याला 28 ने गुणावे. सुमारे 3,000 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 55 बाय 55 सेंटिमीटरचे एक मोकळे तोंड एका भिंतीत खाली आणि तेवढेच दुसरे समोरच्या भिंतीत छतालगत हवे. मुळशीचा पाऊस तिरपा मारतो. लोक वरचे तोंड प्लास्टिकने बांधतात आणि ते दिवाळीपर्यंत तसेच राहते. तिथे पहिल्यापासून लूव्हर बसवावेत.

एक्झॉस्ट फॅन असेल, तर फॅन चालू असल्याशिवाय चार्जर चालू होणार नाही अशी जोडणी करावी आणि हायड्रोजन सेन्सर 1 टक्क्यावर वाजेल असा लावावा. प्लग काढताना आधी चार्जर बंद करायचा, मग प्लग ओढायचा. भरल्या वायूत ठिणगी पडते ती बहुतेक वेळा या क्षणी. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग संपल्यावर घालायचे. आधी घातले तर बुडबुड्यांबरोबर अ‍ॅसिड बाहेर उतू जाते. चेहऱ्यावर फेस शील्ड आणि अंगावर रबरी एप्रन असावा. डोळे धुण्याचा नळ काही पावलांवर हवा, कारण अ‍ॅसिड डोळ्यात गेले तर किमान 15 मिनिटे पाण्याची धार धरावी लागते.

लिथियममध्ये हायड्रोजनचा हा रोजचा प्रश्न उरत नाही. फोर्कलिफ्टमध्ये बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात आणि त्याचे सेल सीलबंद असतात. इथला धोका क्वचित येतो, पण येतो तेव्हा मोठा असतो. फोर्कच्या धडकेने खोके चेपले, किंवा जुना लेड-अ‍ॅसिड चार्जर जोडला, तर सेल तापून विषारी आणि जळणारा वायू सोडू शकतात. ती आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. ती थंड करायला भरपूर पाणी लागते, नुसत्या पावडरच्या सिलिंडरने भागत नाही. म्हणून चार्जिंगची जागा पुठ्ठा, थिनर आणि बाहेर पडण्याच्या दरवाजापासून दूर असावी. जुने चार्जर शेडमधून काढूनच टाकावेत. बॅटरी सुजली, गोडसर वास आला किंवा बॅटरीचा बीएमएस तोच एरर पुन्हा दाखवू लागला, तर ट्रक शेडबाहेर मोकळ्या जागेत उभा करावा.

आता खर्च. लेड-अ‍ॅसिड बॅटरी 3 लाखांना, लिथियम साडेसात लाखांना आणि वीज 10 रुपये युनिट असे धरू. चार्जरची किंमत दोन्हीकडे बाजूला ठेवू. 23 युनिट काम मिळवायला लेड-अ‍ॅसिड मीटरवर सुमारे 33 युनिट खाते, लिथियम साडेपंचवीस.

आधी एका शिफ्टचे, 300 दिवसांचे पाहू. लेड-अ‍ॅसिड 1,200 चक्रे धरली तर चार वर्षे चालते. शेवटी भंगाराचे 60 हजार येतील असे धरले, तर किमतीचा वाटा वर्षाला 60 हजार पडतो. वीज 99 हजार, पाणी आणि देखभाल 10 हजार. एकूण 1 लाख 69 हजार. लिथियम चक्रांच्या हिशेबाने जास्त चालली असती, पण वय म्हणून आठ वर्षे धरू. किमतीचा वाटा 94 हजार, वीज 76 हजार, एकूण 1 लाख 70 हजार. बरोबरी झाली. पण लिथियममध्ये साडेचार लाख जास्त अडकले आणि त्यावर व्याज आहे. एका शिफ्टच्या शेडने लेड-अ‍ॅसिडच ठेवावी. चिंचवडला एक्साइडचा कारखाना 1969 पासून आहे, पुणे परिसराला ही बॅटरी नवी नाही. जुनी बॅटरी परत द्यायची साखळीही बसलेली आहे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्वापरदाराकडेच जायला हवी.

तीन शिफ्टचे चित्र वेगळे. इथे एका ट्रकला तीन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या लागतात, म्हणजे 9 लाख. चार वर्षांत त्या संपतात. वर्षाचा वाटा 1 लाख 80 हजार, वीज 2 लाख 97 हजार, देखभाल 30 हजार. शिवाय दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे बॅटरी बदलण्यात जातात. ट्रक आणि ऑपरेटरचा तास 250 रुपयांचा धरला तर ते 75 हजार. एकूण 5 लाख 82 हजार. लिथियमला एकच बॅटरी पुरते. वर्षाला 900 चक्रे झाली तर 3,500 हून थोडी अधिक चक्रे म्हणजे चार वर्षे. किमतीचा वाटा 1 लाख 87 हजार, वीज 2 लाख 30 हजार, एकूण 4 लाख 17 हजार. एका ट्रकमागे वर्षाला 1 लाख 65 हजार वाचतात, तिन्हींमागे जवळपास 5 लाख.

ही बचत हातात पडेल की नाही, हे सुट्ट्यांवर ठरते. लिथियमला प्रत्येक शिफ्टमध्ये 23 युनिट परत भरायला हवेत. 400 अ‍ॅम्पिअरचा चार्जर तासाला सुमारे साडेवीस युनिट भरतो, म्हणजे एका शिफ्टला 67 मिनिटे लागतात. जेवणाची 30, चहाची दोन वेळा 10-10 आणि शिफ्ट बदलाची 20 मिनिटे धरली तर 70 होतात. फक्त तीन मिनिटे शिल्लक. एका ऑपरेटरने चहाच्या वेळी प्लग लावला नाही, तर पहाटे पाचला ट्रक मालासकट थांबतो. म्हणून प्रत्येक शिफ्ट संपताना स्क्रीनवरचा टक्का फळ्यावर लिहावा. तो सलग तीन शिफ्ट उतरत गेला, तर चार्जिंग कमी पडते आहे हे ट्रक थांबण्याआधी कळते.

दुसरी गोष्ट एमडीची. तिन्ही ट्रक एकदम साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत प्लगला लागले, तर चार्जर मिळून 66 किलोवॅट ओढतात. लेड-अ‍ॅसिडच्या वेळी हाच भार 18 च्या आसपास होता. त्या वेळी शेडचा बाकीचा भारही चढलेला असेल, तर बिलातला डिमांड 48 केव्हीएने वाढतो. 600 रुपये केव्हीए धरले, तर वर्षाला साडेतीन लाख जातात आणि पाच लाखांच्या बचतीतले दीड लाखच उरतात. उपाय फुकटचा आहे. तिन्ही ऑपरेटरांचे जेवण बारा, साडेबारा आणि एक असे मागेपुढे ठेवावे, चहा आणि शिफ्ट बदलही तसेच. मग एका वेळी एकच चार्जर, म्हणजे 22 किलोवॅट लागतात.

दुपारचा आणखी एक फायदा आहे. पूर्वी औद्योगिक ग्राहकाला रात्रीच्या विजेवर सवलत मिळे, म्हणून रात्री चार्जिंगची सवय लागली. आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली आहे आणि संध्याकाळी जादा आकार लागतो. महावितरणच्या ताज्या बिलातले टप्पे पाहून मोठे चार्जिंग दुपारी आणि कमीत कमी संध्याकाळी बसवावे.

दोन शिफ्टवाल्यांचे गणित या दोहोंच्या मध्ये पडते. त्यांनी कोटेशन मागवण्याआधी एक आठवडा प्रत्येक ट्रक खरोखर किती तास चालतो आणि किती मिनिटे उभा असतो एवढे लिहून ठेवावे. उभ्या वेळेत चार्जिंग बसत असेल तर लिथियम, नसेल तर दुसरी लेड-अ‍ॅसिड बॅटरी. पुढच्या आठवड्यात बॅटरी बदलण्याची जागा पाहू: रोलर स्टँड, क्रेन आणि टनभर वजन सुरक्षित ओढण्याची रीत.