पिवळा रंग कुठून चढतो?

लकी बांबूची एखादी काडी बुडाशी पिवळी दिसू लागली की बहुतेक घरांत आधी पाणी वाढवतात, मग भांडं उन्हात नेतात आणि तरीही फरक पडला नाही तर खताचे चार दाणे टाकतात. या तिन्ही उपायांनी ती काडी तर लवकर जातेच, शिवाय शेजारच्या हिरव्या काड्याही धोक्यात येतात. त्याआधी दोन मिनिटं नीट बघितलं, तर दुखणं कुठे आहे ते रोपच सांगतं. बघायचं एवढंच, की पिवळेपणा सुरू कुठून झाला: पानाच्या टोकापासून, काडीच्या वरच्या कापलेल्या तोंडाकडून की पाण्यात बुडालेल्या भागातून?

हे रोप बांबूच्या कुळातलं नाही. ते ड्रासिना आहे, मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडच्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत, मातीत वाढणारं. पाण्यात ते चांगलं तगतं, पण त्या पाण्यात काय आहे हे त्याला सोसावंच लागतं. मातीत मुळ्यांना हवा मिळते आणि जास्तीचे क्षार खाली वाहून जातात. भांड्यात यातलं काहीच होत नाही, आणि पिवळेपणाची बरीचशी कारणं इथूनच निघतात.

सगळ्यात गंभीर ती बुडापासून चढणारी पिवळी. काडी बाहेर काढून पिवळा भाग अंगठ्याने दाबून पाहा. तो दबला, साल सैल लागली, पाण्याला कुबट वास आला, तर आत कूज सुरू आहे. मुळ्याही बघा. निरोगी मुळ्या केशरी-लालसर किंवा पांढरट आणि ताठ असतात. कुजलेल्या काळ्या पडतात, त्यांचं आवरण बोटांत निघून येतं आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. मुळ्या श्वास घेतात, त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. साचलेल्या पाण्यात तो संपत जातो आणि सडक्या पानांवर, सालीच्या तुकड्यांवर वाढणारे जिवाणू उरलेलाही वापरून टाकतात. त्यात उन्हाळा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीतलं काचेचं भांडं तर याहूनही तापतं. म्हणून वर्षभर ठीक असलेलं रोप नेमकं उन्हाळ्यात पिवळं पडलं, तर त्यात नवल नाही.

छत्रपती संभाजीनगरला माझ्या मावशीच्या घरी पाच काड्यांचं भांडं होतं. सोनेरी तारेने बांधलेल्या काड्या, काचेचं उभट भांडं, तळाला रंगीत खडे आणि पाणी जवळजवळ काठापर्यंत. एक काडी खालून चार बोटं पिवळी झाली होती आणि तारेखाली सालीवर तपकिरी वळ उमटला होता. मावशीची अडचण वेगळीच होती. पाच काड्या शुभ म्हणून आणलेल्या, त्यातली एक काढली की चार उरणार, आणि चारचा आकडा चांगला नाही असं तिला विक्रेत्याने सांगितलेलं. या संकोचापायी पिवळी काडी पुष्कळ घरांत महिनाभर तशीच राहते, आणि कूज पाण्यातून बाकीच्यांपर्यंत पोहोचते. पिवळं झालेलं खोड पुन्हा हिरवं होत नाही. ती काडी दिसली त्याच दिवशी भांड्याबाहेर यायला हवी. आकडा पुरा करायचा तर नवी काडी बाजारात मिळते.

मावशीकडे आम्ही आधी तार सोडवली. मग ब्लेड स्पिरिटने पुसून पिवळ्या भागाच्या वर, जिथे खोड हिरवं आणि कडक लागत होतं, तिथे पेरापासून थोडं खाली कापलं. कापलेल्या तोंडाकडे लक्ष द्यायला हवं. आतला गर एकसारखा पांढरट-हिरवट असेल तर ठीक. तपकिरी ठिपके किंवा छटा दिसली तर कूज अजून वर गेली आहे असं समजून आणखी दोन बोटं वर कापायचं. आम्हाला दुसऱ्यांदा कापावं लागलं. उरलेला तुकडा स्वच्छ भांड्यात वेगळा ठेवला, तळाचं पेर बुडेल इतक्याच पाण्यात. नव्या मुळ्या पेरापाशी फुटतात आणि त्यांना महिना-दीड महिना सहज लागतो. या काळात खत देऊ नये; मुळ्याच नाहीत तर ते घेणार कोण? पिवळी थेट वरच्या कोंबापर्यंत चढली असेल, पण कोंब अजून हिरवा असेल, तर तेवढा कोंब खोडापासून अलगद कापून, खालची दोन-तीन पानं काढून पाण्यात लावला तरी रोप वाचतं.

बाकीच्या चार काड्या वाहत्या पाण्याखाली धुतल्या, काळ्या मुळ्या कात्रीने काढल्या, खडे उकळत्या पाण्यातून काढले आणि भांडं घासलं. पाणी भरलं ते मुळ्या झाकतील एवढंच. काडीचा जितका भाग पाण्यात, तितकी कुजायला जागा जास्त, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

पिवळेपणा वरच्या कापलेल्या तोंडाकडून खाली येत असेल तर घाबरायचं कारण सहसा नसतं. विकण्याआधी काड्यांची वरची तोंडं मेणाने बंद करतात. ते मेण निघालं की खोड वरून वाळत येतं. वाळलेला भाग कापून तोंडावर मेणबत्तीच्या कोमट मेणाचा थेंब लावला की बहुधा ते तिथेच थांबतं. कोंबाखालचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळणंही नेहमीचंच.

पानांची टोकं तपकिरी होऊन त्यामागे पिवळी कडा येत असेल, तर मात्र पाण्याकडे वळायला हवं. ड्रासिना फ्लोराइडला फार हळवं आहे. पाणी मुळ्यांतून वर जातं, पानांतून वाफ होऊन उडतं, आणि त्यातलं फ्लोराइड पानांच्या टोकांशी साठत राहतं. म्हणून जळतं ते टोकच. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानतात, पण माणसाला चालणारं तेवढं पाणीही या रोपाला त्रास देऊ शकतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त सापडतं. तिथल्या बोअरच्या पाण्यावर लकी बांबूची पानं धड राहणं कठीण.

इथे एक समजूत खोडून काढायला हवी. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, आणि सोसायटीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात त्या दिवसांत तर हे करावंच. पण फ्लोराइड आणि क्षार त्याने जात नाहीत. पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही. वाफेने पाणी घटतं, त्यामुळे ते उलट थोडं दाटतंच. प्युरिफायरच्या नळीतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी तर या भांड्यात कधीच घालू नये. ते वाचवण्याची इच्छा चांगली आहे, पण शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात आलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावं.

आपलं पाणी जड आहे का, हे भांडंच दाखवतं. पाणी खाली गेल्यावर काचेवर पांढरं कडं उरत असेल तर क्षार भरपूर आहेत. नक्की आकडा हवा असेल तर प्युरिफायर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस मीटर असतो, त्याला मोजायला सांगावं. समजा आकडा 500 आला आणि भांड्यात अर्धा लिटर पाणी आहे. महिन्याभरात अर्धा लिटर उडालं आणि तेवढंच तुम्ही वरून ओतत राहिलात, तर उडालं ते फक्त पाणी. क्षार मागेच राहिले. महिनाअखेर त्याच अर्ध्या लिटरचा आकडा हजाराच्या आसपास पोहोचतो. म्हणून वरून पाणी ओतणं आणि पाणी बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळ्यात पहिल्या काही सरी जाऊ देऊन धरलेलं पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. एरवी तीन भाग आरओचं आणि एक भाग शिळं नळाचं, हे मिश्रण मला पटतं, कारण निव्वळ आरओच्या पाण्यात रोपाला खायला जवळजवळ काहीच नसतं.

पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलावं. यामागे रोपाइतकंच आपलंही हित आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. 2001 मध्ये चीनहून कॅलिफोर्नियात पाण्यासकट आलेल्या लकी बांबूच्या कंटेनरमध्ये याच जातकुळीतले डास सापडले होते. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर अंडी जागच्या जागीच राहतात. आतून ब्रशने घासायला हवं, आणि त्याच हाताने काचेवरचा बुळबुळीत थरही निघतो.

उजेडाचं गणित सोपं आहे. दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल, पण उन्हाची तिरीप पानांवर येणार नाही, अशी जागा हवी. पूर्वेची खिडकी, मध्ये पातळ पडदा असेल तर छानच. थेट उन्हात पानांच्या वरच्या बाजूला वाळक्या गवताच्या रंगाचे डाग पडतात आणि पारदर्शक भांड्यात हिरवं शेवाळ धरतं. फार अंधारात, म्हणजे खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये किंवा टीव्हीच्या कोपऱ्यात, नवी पानं लहान आणि फिकी येतात, कोंब उजेडाकडे लांबत जातो. शेवाळ फार होत असेल तर काचेऐवजी चिनी मातीचं भांडं घ्यावं. मुळ्यांना उजेड लागत नाही.

खत द्यायचंच असेल तर 19:19:19 मधलं एक ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून त्यातलं 100 मिलिलिटर नऊशे मिलिलिटर साध्या पाण्यात मिसळावं, दोन महिन्यांतून एकदा भांड्यात आठवडाभर ठेवावं आणि पुन्हा साध्या पाण्यावर यावं. याहून जास्त दिलं तर पानं आणि खोड पुन्हा पिवळं पडतं, आणि लोक ते भूक समजून आणखी खत घालतात.

एवढं करूनही दर उन्हाळ्यात काड्या जात असतील, तर त्या कुंडीत लावाव्यात. कोकोपीट, माती आणि जाडी वाळू समप्रमाणात, तळाला मोठं भोक, आणि वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच पाणी. पाण्यात वाढलेल्या मुळ्यांना माती अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे माती ओलसर ठेवावी आणि कुंडी सावलीत असावी. या काळात एखाद-दुसरं पान पिवळं पडेल. खोड हिरवं आणि टणक असेपर्यंत ते उपटून बघू नये.