पानांवर जाऊ नका

‘एकशेवीस पानं आहेत, किती घ्याल?’ यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर हवं असलेला ग्राहक बहुधा असंच विचारतो. पानांवरून उत्तर देऊ नये. एका पानावर नुसती आकृती असते, दुसऱ्यावर पाचशे शब्द. म्हणून आधी मूळ फाइल मागवून इंग्रजी शब्द मोजायचे. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे भाषांतराचे शब्द सहसा कमी भरतात. दर मूळ शब्दांवरच ठरवलेला बरा.

समजा, ३६,००० शब्द निघाले. त्यांतले ९,००० पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरक्षा-सूचनांचे. भाषांतराचं सॉफ्टवेअर ही पुनरावृत्ती वेगळी दाखवतं. तिला पाव दर लावला, तर हिशेब २७,००० अधिक २,२५०, म्हणजे २९,२५० शब्दांचा. दर शब्दाला दोन रुपये धरला, तर ५८,५०० रुपये.

दिवसाला दोन हजार शब्दांच्या वेगानं हे पंधरा दिवसांचं काम. संज्ञांची यादी ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायला दोन दिवस आणि तपासणीला पाच धरले, की बावीस कामाचे दिवस होतात. मंजुरी रखडली तर मुदतही पुढे जाईल, हे लेखीच द्यावं.

खरा घोळ आकृत्यांत असतो. स्कॅन केलेल्या चित्रांतली अक्षरं शब्दगणनेत येतच नाहीत. फाइलमधल्या मजकुरावर कर्सर फिरवून तो निवडता येतो का, हे पाहावं. येत नसेल तर ती पानं वेगळी काढून टंकलेखन आणि मांडणीचा दर निराळा सांगावा.