इन्व्हर्टरही बंद ठेवा

जुन्या भाड्याच्या इमारतींत मीटरखोलीपासून घरापर्यंतच्या वायर कित्येक दशकांपूर्वीच्या असतात. त्या टाकल्या तेव्हा घरात चार दिवे नि दोन पंखे होते. आज एकटा गिझर दोन हजार वॅट, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर खेचतो. वायर तापते, फ्यूज उडतो, मग कोणीतरी त्यात जाड तार घालतं आणि धोका वाढतो. अशा वेळी मालक नवी वायरिंग करायला घेतो आणि जिन्यात कागद लागतो: ‘रविवारी सकाळी १० ते ५ वीज बंद राहील. सहकार्य करावे.’

सहकार्य म्हणजे नेमकं काय, ते या कागदावरून कळत नाही. खरं तर तेच लिहायला हवं.

सगळ्यात आधी इन्व्हर्टर. वीज गेली की तो आपोआप सुरू होतो. जुन्या घरांत इन्व्हर्टरची जोडणी चुकीची असली, किंवा दोन घरांची न्यूट्रल एकत्र असली, तर त्याची वीज उलट्या वाटेने इमारतीच्या वायरीत येऊ शकते. खाली मेन स्विच बंद करून काम करणाऱ्या वायरमनला ती जीवघेणी ठरते. इन्व्हर्टरचा प्लग काढून भागत नाही, उलट प्लग काढताच तो बॅटरीवर चालू लागतो. त्याच्यावरचं बटण बंद करायला हवं. ही ओळ सूचनेत ठळक हवी.

दुसरं, घरात कोणीतरी हवं. नवी वायर ओढल्यावर मेगरने तिचं इन्सुलेशन तपासतात. त्यासाठी वायरीवर ५०० व्होल्टचा दाब देतात आणि रीडिंग किमान एक मेगओहम यावं लागतं. टीव्ही किंवा एलईडी दिवा जोडलेला राहिला तर रीडिंग खोटं कमी येतं, शिवाय ते उपकरणही बिघडू शकतं. म्हणून प्लग काढा, दिवे उतरवा.

वीज परत येण्याची वेळही जपायची असते. तीन फेजच्या इमारतीत सामाईक न्यूट्रल सैल राहिली तर एका घरात दाब दीडशेवर उतरतो आणि दुसऱ्यात तीनशेच्या पुढे जातो. फ्रिज, टीव्ही जळतात ते असेच. वायरमनने मीटर लावून २३० च्या आसपास दाब असल्याचं सांगेपर्यंत घरातला मेन स्विच बंदच ठेवावा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार मालकाला योग्य कारणाशिवाय वीज-पाण्यासारख्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. म्हणून कारण, वेळ आणि परवानाधारक कंत्राटदाराचं नाव लेखी असावं. तारीख ठरवण्याआधी मालकाने घरोघरी विचारावं: कोणाकडे ऑक्सिजनचं यंत्र आहे का, फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे का? पंपही बंद राहणार, तेव्हा पाणी आदल्या रात्री भरून ठेवायला सांगावं. आणि पाचपर्यंत काम उरकलं नाही तर तपासून झालेल्या मजल्यांना आधी वीज द्यावी, बाकीच्यांना नवी वेळ कळवावी.