लिव्ह-इन संपल्यावर पोटगी कुणाला, घर कुणाचे?

लग्न मोडायचे तर घटस्फोट घ्यावा लागतो आणि त्याच खटल्यात पोटगी, दागिने, मुलांचा ताबा असे सगळे विषय निघतात. लिव्ह-इन मोडायला न्यायालयात जावे लागत नाही. एकाने बॅग भरली किंवा दाराचे कुलूप बदलले की नाते संपले. मग मागे उरलेल्या जोडीदाराला कोणी सांगते, ‘लग्नच नाही, तर हक्क कसला?’ आणि कोणी सांगते, ‘दहा वर्षे राहिलात, म्हणजे अर्धे घर तुमचे.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पोटगी, राहायला छप्पर आणि घराची मालकी या तीन गोष्टींची उत्तरे वेगवेगळी आहेत. पहिल्या दोन गोष्टी नात्यावरून ठरतात. तिसरी ठरते ती कागदावरून.

नात्याचा विचार करणारा मुख्य कायदा म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम. त्यात पत्नीबरोबरच ‘विवाहसदृश नात्या’तल्या स्त्रीलाही संरक्षण आहे. एका छताखाली राहिले की विवाहसदृश नाते झाले, असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यासाठी चार कसोट्या सांगितल्या. दोघे समाजात नवरा-बायकोसारखे वावरत असावेत, लग्नाच्या वयाचे असावेत, लग्न करायला कायद्याने मोकळे असावेत आणि बराच काळ स्वखुशीने एकत्र राहिलेले असावेत. शनिवार-रविवारच्या भेटीगाठी यात बसत नाहीत.

सर्वांत जास्त दावे तिसऱ्या कसोटीवर अडतात. कर्नाटकातल्या एका प्रकरणात एका अविवाहित स्त्रीने नोकरी सोडून, दोन मुलांचा बाप असलेल्या विवाहित सहकाऱ्याबरोबर संसार मांडला. दंडाधिकाऱ्यांनी १८ वर्षांचे सहजीवन मान्य करून तिला दरमहा १८,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. त्याचे लग्न झालेले आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होते, म्हणून नाते विवाहसदृश ठरले नाही. अठरा वर्षांचा काळही तिच्या कामी आला नाही. पुरुषाने आपले लग्न लपवून फसवले असेल तर गोष्ट वेगळी. अशा स्त्रीला दाद मिळू शकते, असे याच निकालात म्हटले आहे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यात वर्षा आणि समीर २०१२ पासून एकत्र राहतात. दोघेही अविवाहित. २०१६ मध्ये ६० लाखांचा फ्लॅट घेतला. सुरुवातीचे १५ लाख वर्षाने आपल्या खात्यातून बिल्डरला दिले आणि उरलेल्या ४५ लाखांचे कर्ज समीरच्या नावावर काढले. करारनाम्यावर नाव एकट्या समीरचे. हप्ते तो भरायचा, किराणा, वीज, गॅस, कामवाल्या मावशींचा पगार ती बघायची. २०२४ मध्ये भांडण झाले आणि ती गावाहून परतली तेव्हा कुलूप बदललेले होते.

वर्षाला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्वतः, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही. घरातून निघाल्यावर ती जिथे तात्पुरती राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. मात्र ‘नाते तुटले’ एवढे सांगून भागत नाही, हिंसाचार दाखवावा लागतो. त्याचा अर्थ फक्त मारहाण असा नाही. घरखर्च बंद करणे, राहत्या घरात येऊ न देणे, तिच्या वस्तू अडकवून ठेवणे हा या कायद्यात आर्थिक छळ आहे. नाते सिद्ध करायला जुना भाडेकरार, संयुक्त खाते, एकमेकांची नावे असलेली आरोग्यविम्याची पॉलिसी, शेजाऱ्यांच्या साक्षी उपयोगी पडतात.

पोटगीचा आकडा ठरवताना दोघांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वर्षाचा पगार ४० हजार आणि समीरचा १ लाख ४० हजार असेल, तर ती कमावते एवढ्यावरून तिचा अर्ज फेटाळला जात नाही. तिची आजवरची राहणी त्या पगारात निभते का, हे पाहिले जाते. ठरलेली टक्केवारी नाही. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम मागता येते आणि ती पहिल्या अर्जातच मागणे शहाणपणाचे. समीरला मात्र हा मार्ग नाही, कारण या कायद्याखाली अर्ज फक्त स्त्रीला करता येतो.

छपराचे उत्तरही याच अर्जात मिळते. घर समीरच्या नावावर असले तरी दोघे तिथे राहत होते, म्हणून ते ‘सामायिक घर’ ठरते. कायदेशीर प्रक्रियेशिवाय त्याला तिला बाहेर काढता येत नाही. न्यायालय तिला परत घरात घ्यायला सांगू शकते, घर विकायला मनाई करू शकते किंवा त्याच दर्जाच्या दुसऱ्या घराचे भाडे भरायला लावू शकते. पण हा केवळ राहण्याचा हक्क आहे. त्याने सूची क्रमांक दोनवरचे नाव बदलत नाही.

खरी कोंडी होते ती १५ लाखांची. नवऱ्याने स्वतःच्या पैशांतून बायकोच्या नावावर, किंवा बायकोने नवऱ्याच्या नावावर घर घेतले, तर बेनामी व्यवहारांच्या कायद्यात त्याला सूट आहे. लिव्ह-इन जोडीदार ‘पती’ किंवा ‘पत्नी’ या शब्दांत बसत नाही. त्यामुळे ‘पैसे माझे, नाव त्याचे, म्हणून घर माझे’ असा दावा करायला गेले की हाच कायदा आडवा येऊ शकतो. ‘ते पैसे उसने दिले होते’ म्हणावे, तर उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. दरम्यान समीरने लेखी कबुली दिली नसेल, तर २०१६ चे उसने २०१९ मध्येच मुदतबाह्य झाले. तो तर म्हणणारच की ती भेट होती. किराण्यावर आणि विजेवर गेलेल्या पैशांतून घरात वाटा तयार होत नाही.

गोव्यातही याहून वेगळे नाही. तिथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामायिक मानतात, पण ती नोंदणी झालेल्या लग्नाने. सहजीवनाने तसे होत नाही.

करारनाम्यावर दोघांची नावे असती तर चित्र पालटले असते. कुणाचा वाटा किती हे लिहिलेले असेल तर तो वाटा. लिहिलेले नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात, आणि तो पुरावा नसेल तर निम्मे-निम्मे असे कायदा गृहीत धरतो. मग दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावता येतो. एक सावधगिरी हवी. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही केली आणि करारनाम्यावर नाव नाही, ही सर्वांत वाईट स्थिती. बँक पूर्ण कर्ज तुमच्याकडून वसूल करू शकते आणि घरात मात्र तुमचे काही नसते.

म्हणून एकत्र घर घेताना करारनाम्यात दोघांची नावे आणि वाट्याची टक्केवारी लिहून घ्यावी. एकाच्याच नावावर घ्यायचे ठरले, तर दुसऱ्याने दिलेली रक्कम कर्ज आहे असे लिहून घ्यावे आणि तीन वर्षे उलटण्याआधी त्या कर्जाची सही-तारखेसह लेखी कबुली पुन्हा घेत राहावी. नाते मोडलेच, तर खात्याचे उतारे, बिल्डरच्या पावत्या आणि सूची क्रमांक दोनची प्रत आधी हाताशी घ्यावी. पोटगीचा अर्ज साक्षीदारांच्या आधाराने उभा राहू शकतो, मालकीच्या दाव्याला कागदच लागतात.