वगळलं, की फक्त थांबवलं?

सांगलीहून एका ग्राहक बाईंचं पत्र आलं होतं. तिसरा महिना सुरू होता. त्यांनी आरोग्य विम्याच्या पॉलिसीची दोन पानं जोडून पाठवली होती आणि दोन्हींवर हिरव्या पेनाने खुणा केल्या होत्या. एका पानावर लिहिलं होतं की सलग 24 महिने विमा चालू राहिला की बाळंतपणाचा खर्च मिळेल. आठ पानांपुढे, ‘एक्सक्लुजन्स’ या मथळ्याखाली, लिहिलं होतं की बाळंतपणाचा खर्च, सिझेरियनसुद्धा, या पॉलिसीत मिळणार नाही. पत्रात त्यांनी विचारलं होतं, ‘‘यातलं खरं कुठलं? मिळणारच नसेल तर पुढच्या वर्षी प्रीमियम कशाला भरू?’’

विमा कंपन्यांच्या ग्राहकसेवेत हा प्रश्न सारखा येतो आणि बहुतेक वेळा त्याला एका वाक्यात उत्तर मिळतं: ‘‘मॅडम, कव्हर नाहीये.’’ हे वाक्य खोटं नसतं. पण त्यातून ‘आज नाही’ आणि ‘कधीच नाही’ हा फरक कळत नाही आणि नुकसान नेमकं तिथे होतं. जे फक्त थांबवलेलं आहे ते कायमचं वगळलेलं आहे असं समजून माणूस पॉलिसी सोडतो आणि दीड-दोन वर्षं भरत आणलेली मुदत घालवतो. उलट, जे कायमचं वगळलेलं आहे त्याची मुदत कधीतरी संपेल या आशेवर काही जण वर्षानुवर्षं हप्ते भरत राहतात.

या बाईंचा गोंधळ त्यांच्या वाचण्यातल्या चुकीमुळे झालेला नव्हता. तो कागदाच्या रचनेतच आहे. 2019 मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आरोग्य पॉलिसींमधल्या वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी सारखी करून दिली आणि प्रत्येक बाबीला कोड क्रमांक दिला. त्या यादीतले पहिले तीन क्रमांक खरं तर वेटिंग पीरियडचे आहेत: आधीपासून असलेले आजार, मोतीबिंदू-हर्नियासारखे ठरावीक आजार, आणि पॉलिसी घेतल्यानंतरचे पहिले 30 दिवस. त्यापुढच्या कॉस्मेटिक शस्त्रक्रिया, धोकादायक खेळ वगैरे बाबींना तारीख नाही. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच मथळ्याखाली बसवल्यावर वाचणाऱ्याने त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, याचा विचार करायला कुणाला फुरसत झालेली दिसत नाही.

बाळंतपणाचा कोड 18 आहे. ज्या पॉलिसीत मॅटर्निटी कव्हर नाही, आणि साध्या पॉलिसींत ते बहुधा नसतंच, तिथे कोड 18 शब्दशः लागू होतो. तिथे दहा वर्षं हप्ते भरले तरी बाळंतपणाचे पैसे मिळत नाहीत. पण ज्या पॉलिसीत फायद्यांच्या भागात मॅटर्निटीचं स्वतंत्र कलम आहे, तिथे ते कलम कोड 18 च्या भिंतीत दार पाडतं. भिंत छापील मसुद्यात तशीच राहते, म्हणून वाचणारा तिच्यावर डोकं आपटतो. अशा पॉलिसीत कुठेतरी बारीक अक्षरात हेही असतं की फायद्याच्या कलमात जेवढं दिलं आहे तेवढ्यापुरता हा कोड लागू नाही. सांगलीच्या बाईंच्या पॉलिसीत ते वाक्य होतं, पण त्यांनी पाठवलेल्या दोन पानांच्या मधल्या पानावर.

म्हणून वाचायचा क्रम असा ठेवावा. आधी फायद्यांचा भाग. तिथे मॅटर्निटी हा शब्दच नसेल, तर प्रश्न तिथेच मिटला, ते एक्सक्लुजन आहे. शब्द असेल, तर त्याच्याजवळ महिन्यांचा आकडा शोधावा. आकडा असला की तो वेटिंग पीरियड. बाजारात तो नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत दिसतो. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत तो पुष्कळदा पहिल्या दिवसापासून माफ असतो. आकड्यामागचं कारण सरळ आहे. अपघात किंवा डेंगी कधी गाठेल ते ठाऊक नसतं, बाळंतपण मात्र काही महिने आधी कळतं. मुदत ठेवली नाही, तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर पॉलिसी घ्यायची आणि डिलिव्हरीनंतर सोडायची, असं सगळेच करतील.

आता त्यांचा हिशोब. पॉलिसी नवऱ्याने 10 जून 2023 रोजी घेतली. लग्नानंतर, 10 जून 2024 च्या रिन्यूअलला, पत्नीचं नाव त्यात घातलं. बाई मोजत होत्या ते 2023 पासून. त्या हिशोबाने 24 महिने केव्हाच पुरे झाले होते. पण वेटिंग पीरियड माणसागणिक मोजला जातो, पॉलिसीच्या क्रमांकागणिक नाही. त्यांची मुदत त्यांचं नाव घातलं त्या दिवसापासून, म्हणजे ती 9 जून 2026 ला संपते. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती 25 जून 2026.

म्हणजे सोळा दिवसांनी त्या मुदतीच्या पलीकडे जातात. पण ही मुदत तारखेपलीकडे काहीच पाहत नाही. बाळ पाच आठवडे आधी, 21 मेच्या सुमारास आलं, तर कारण कितीही खरं असलं तरी क्लेम मुदतीच्या आतलाच ठरेल. त्यात आणखी एक गाठ होती: त्यांच्या पॉलिसीत नवजात बाळाच्या खर्चाचं कलम आईच्या मॅटर्निटी क्लेमला जोडलेलं होतं. आईचा क्लेम बसला नाही, तर बाळाच्या काचेच्या पेटीचा खर्चही बसणार नाही, आणि लवकर झालेल्या बाळाला नेमकी तीच लागते. हे गरोदर बाईला लिहून कळवायला जीव होत नाही. तरी लिहावं लागतं, कारण दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर ते पहिल्यांदा कळणं जास्त वाईट.

गर्भ कधी राहिला, हा प्रश्न इथे नव्हता. मुदत संपल्यानंतरच दिवस राहिले पाहिजेत, अशी पुष्कळांची समजूत असते. त्यांच्या कलमात ‘या मुदतीत झालेल्या प्रसूतीचा खर्च’ असे शब्द होते, म्हणून प्रसूतीची तारीख धरायची. दुसऱ्या कुणाच्या कलमात शब्द वेगळे असू शकतात, तेव्हा ती ओळ स्वतः वाचावी आणि शंका असली तर कंपनीकडून ईमेलवर उत्तर मागावं. फोनवरचं उत्तर क्लेमच्या वेळी हाती राहत नाही.

मुदत ओलांडली तरी सगळं बिल मिळत नाही. त्यांच्या कलमात सिझेरियनला 50 हजारांची मर्यादा होती. बिल 92 हजारांचं झालं, तर 42 हजार खिशातून जाणार. विम्याची एकूण रक्कम दहा लाख आहे, हा आकडा इथे उपयोगाचा नाही. पण ही मर्यादा म्हणजे वेटिंग पीरियड नाही आणि एक्सक्लुजनही नाही. वेटिंग पीरियडला प्रश्न असतो कधी मिळेल, मर्यादेला प्रश्न असतो किती मिळेल. अर्धे पैसे आले की लोक ‘क्लेम रिजेक्ट केला’ म्हणतात. तक्रार करायची असेल, तर हा फरक सांभाळावा, नाहीतर तक्रार चुकीच्या कलमावर जाते.

24 महिने झाल्यावरही न उघडणारी दारं त्यांच्या पॉलिसीत होती. दर महिन्याची तपासणी आणि सोनोग्राफी त्या मॅटर्निटीच्या कलमात नव्हती. तिसरं बाळंतपण नव्हतं. आयव्हीएफसारखे वंध्यत्वावरचे उपचार कोड 17 खाली कायमचे बाहेर होते. त्यांना महिन्यांचा आकडा जोडलेला नव्हता, म्हणजे कितीही थांबलं तरी ते मिळणार नव्हते. उलट एक गोष्ट लोकांना वगळलेली वाटते आणि ती नसते. गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजला तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. कोड 18 च्या वाक्यातच या प्रकाराला अपवाद केलेला आहे. म्हणून तो खर्च बाळंतपणाचा न धरता साध्या हॉस्पिटलायझेशनचा धरला जातो आणि त्याला 24 महिन्यांची वाट पाहावी लागत नाही. अपघातामुळे झालेल्या गर्भपातालाही त्याच कोडमध्ये अपवाद आहे.

हे सगळं मसुद्यात शोधण्यापेक्षा पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहितीपत्रक आधी काढावं. जानेवारी 2024 पासून ते नव्या, सोप्या नमुन्यात द्यावं लागतं आणि त्यात वेटिंग पीरियड, वगळलेल्या बाबी आणि खर्चाच्या मर्यादा वेगवेगळ्या रकान्यांत असतात. मागितलं तर ते स्थानिक भाषेतही मिळायला हवं. आपण मागत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि क्लेम नाकारलाच, तर पत्रात कोणत्या कलमाखाली नाकारला ते लिहिलेलं असलं पाहिजे. वेटिंग पीरियडचं कलम लिहिलं असेल, तर भांडण फक्त तारखांचं आहे. नाव कधी घातलं, मध्ये खंड पडला का, याची रिन्यूअलची प्रमाणपत्रं पुढे ठेवायची. कोड 18 लिहिला असेल आणि पॉलिसीत मॅटर्निटीचं कलम असेल, तर कंपनीने आपलाच कागद पूर्ण वाचलेला नाही. तेव्हा आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जावं.

राहिला त्यांचा मूळ प्रश्न, पुढच्या वर्षीच्या प्रीमियमचा. त्याचं उत्तर पत्रात सगळ्यात वर आणि ठळक अक्षरांत दिलं. रिन्यूअल 10 जूनला होतं आणि वार्षिक हप्त्याला 30 दिवसांचा ग्रेस पीरियड असतो. त्या दिवसांत पैसे भरले तर मुदतीची सलगता टिकते, पण हप्ता वार्षिक असेल तर न भरलेल्या दिवसांत झालेल्या खर्चाला संरक्षण नसतं. त्यांची तारीख, 25 जून, बरोबर त्या 30 दिवसांच्या मध्ये पडत होती. ‘भरू की नको’ या विचारात प्रीमियम 28 जूनला भरला असता, तर 24 महिने पुरे झालेले असूनही 25 तारखेच्या सिझेरियनचा एक रुपयाही मिळाला नसता. म्हणून त्यांना कळवलं की जूनची वाट पाहू नका, रिन्यूअलची नोटीस आली की लगेच भरा, आणि पावतीवर दोघांचीही नावं आहेत ना, ते पाहा.